पुराच्या रात्रीचे अंदाजपत्रक

ताप्तीचे पाणी राजघाटाच्या पायऱ्या चढू लागले म्हणजे आपल्या शहरात प्रथम वर्गणीची यादी फिरू लागते. आपला समाज देण्यात मागे नाही, हे सांगण्यासाठी हा लेख नव्हे. वर्गणीच्या यादीच्या आधी किंवा निदान तिच्याबरोबर जो एक कागद तयार व्हावयास हवा, तो सहसा होत नाही, त्याविषयी आम्ही लिहीत आहो. तो कागद म्हणजे मदतीचे अंदाजपत्रक. ते एका रात्रीत करावे लागते, अपुऱ्या माहितीवर करावे लागते, आणि तिसऱ्या दिवशी ते चुकीचे ठरणार हे करतानाच ठाऊक असते. असे असूनही ते कसे करावे, हा प्रश्न आहे.

ताप्ती मुलताईला उगम पावून बैतूल जिल्ह्यातून व मेळघाटाच्या डोंगरांच्या कडेने आपल्याकडे येते. तिकडच्या डोंगरांतील पाऊस आपल्या घाटावर येण्यास फार वेळ लागत नाही. सप्टेंबर २०२३ च्या मध्यास पश्चिम मध्य प्रदेशात जी अतिवृष्टी झाली, तेव्हा नर्मदेबरोबर ताप्तीही फुगली होती. ऑगस्ट २००६ मध्ये याच नदीने उकाई धरणाखाली सुरत शहर बुडविले, रस्त्यांवर होड्या चालल्या आणि अन्नाची पाकिटे हेलिकॉप्टरने टाकावी लागली. एवढ्या मोठ्या संकटाचा हिशेब करणे सरकारचे काम आहे. आम्ही येथे जो विचार करीत आहो तो आपल्या आवाक्यातील संकटाचा आहे. नदीकाठची काही शे कुटुंबे शाळांत आणून बसविली आहेत, आणि त्यांस आठवडाभर शिधा पुरवावयाचा आहे, अशी ती स्थिती होय.

कोणत्याही मदतीच्या अंदाजपत्रकात मूळ आकडे तीनच असतात: माणसे किती, एका माणसास काय द्यावयाचे, आणि किती दिवस. बाकी सर्व त्यांचा गुणाकार आहे. आम्ही व्यापारी या तिहींपैकी मधल्या आकड्यावर, म्हणजे वस्तूच्या भावावर, तुटून पडतो. कारण तो आमच्या हातचा विषय असतो. मूगडाळ आठ आण्यांनी स्वस्त कोठे मिळेल यावर बैठकीत अर्धा तास जातो, आणि माणसांचा आकडा मात्र कोणी तरी दारातून ओरडून सांगितलेला तसाच धरला जातो. यात काय बिघडते ते पुढे आकड्यांनीच दिसेल.

प्रथम एका कुटुंबाच्या शिध्याची पिशवी ठरवू. पाच माणसांचे कुटुंब, त्यांत तीन मोठी व दोन मुले, असे मानू. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मदत-छावण्यांसाठी जे किमान प्रमाण ठरविले आहे, त्याप्रमाणे मोठ्या माणसास दिवसास २,४०० व मुलास १,७०० कॅलरी इतके अन्न मिळावे. म्हणजे या कुटुंबास दिवसाला १०,६०० आणि सात दिवसांस ७४,२०० कॅलरी लागतील. आता तराजूकडे वळू. कणीक १० किलो, तांदूळ ५ किलो, मूगडाळ २ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो व पोहे १ किलो एवढ्यात सुमारे ७४,००० कॅलरी बसतात. यास मीठ, हळद-तिखट, पाव किलो चहा, दोन साबण, मेणबत्त्या व काड्यापेटी जोडली की पिशवी पुरी झाली. वजन सुमारे २२ किलो होते. एका स्त्रीने एका हातात नेण्यासारखे हे ओझे नव्हे, म्हणून ते दोन पिशव्यांत भरावे.

वस्तूंच्या निवडीत आपल्या धंद्याचे ज्ञान उपयोगी पडते. गहू स्वस्त पडतो म्हणून गहू देण्याचा मोह होतो, पण वीज गेलेली असताना चक्की बंद असते आणि गव्हाचे पोते कोपऱ्यात पडून राहते. म्हणून पहिल्या आठवड्यास कणीकच हवी. तूरडाळ घरोघरची खरी, पण ती शिजण्यास जळण फार खाते. ओल्या लाकडांवर मूगडाळ लवकर होते. साबण चहाच्या किंवा कणकेच्या पिशवीत कधीही टाकू नये, कारण त्याचा वास दोन दिवसांत सर्व मालास लागतो व माल फुकट जातो. पावसाळी हवेत कणीक साध्या बारदानात भरली तर तिला गुठळ्या धरतात, तेव्हा आतून प्लास्टिकचे अस्तर असलेला कट्टाच घ्यावा.

येथे एक प्रश्न आपल्या समाजात नेहमी निघतो, तो टाळण्याचे कारण नाही. कांदे-बटाटे स्वस्त असतात, पोट भरतात, टिकतातही. परंतु पूर बहुधा चातुर्मासात येतो आणि आपल्या पैशातून कंदमूळ घेणे अनेकांस रुचत नाही. आमचे मत असे की, आपण ते देऊ नये, पण त्याची भरपाई डाळ व तेल वाढवून करावी, आणि दुसऱ्या कोणी ते वाटले तर त्यास नाक मुरडू नये. घेणारा विणकर असो, मजूर असो वा कोळी असो, त्याच्या चुलीवर काय शिजते ते त्याचे त्यास ठाऊक.

आता मोल. खालील दर हिशेब समजावा म्हणून पूर्णांकात धरले आहेत. त्या रात्रीचा बाजारभाव ज्याने त्याने घालावा. कणीक ३२० रुपये, तांदूळ २००, मूगडाळ २२०, तेल १४०, साखर ४५, पोहे ५०, मीठ २०, चहा ७०, साबण ६०, मसाला ४५, मेणबत्त्या-काड्यापेटी ३०. एकूण १,२०० रुपये. बहुतेक अंदाजपत्रके येथेच थांबतात आणि तेथेच फसतात. रिकामी पिशवी व भराई यांस ३० रुपये, हमाली १५ व वाहतूक २० रुपये लागतात. तूटफूट, सांडलवंड व तोलातील घट यांसाठी शेकडा तीन, म्हणजे ३६ रुपये धरावे. बेरीज १,३०१ होते. आपण १,३०० धरू. म्हणजे दर माणशी सात दिवसांचे २६० रुपये. शंभर रुपये सुटल्यावर पिशवी हलत नाही, हे ज्यांनी कधी वाटप केले आहे त्यांस सांगावे लागणार नाही.

समजा, पहिल्या रात्री निरोप आला की तीन शाळांत ३०० कुटुंबे आहेत. ३०० पिशव्यांचे ३,९०,००० रुपये झाले. यादीत न आलेल्यांसाठी शेकडा दहा, म्हणजे ३९,००० जोडले की पहिले अंदाजपत्रक ४,२९,००० रुपयांचे होते. ते रात्री अकरापर्यंत तयार होऊ शकते, आणि व्हावे.

आता या तीन आकड्यांची परीक्षा पाहू. मूगडाळ किलोमागे दहा रुपयांनी महागली तर काय होईल? पिशवीत दोन किलो आहे, तेव्हा ३०० पिशव्यांवर ६,००० रुपये वाढतील. याउलट, नीट मोजल्यावर १,५०० च्या ठिकाणी १,८७० माणसे निघाली तर ९६,२०० रुपये वाढतात. आणि पाणी उतरण्यास उशीर होऊन सातऐवजी दहा दिवस शिधा द्यावा लागला तर ढोबळ मानाने १,६७,००० रुपये वाढतात. म्हणून बैठकीतील वेळेचे वाटप नेमके उलटे करावयास हवे. भावासाठी दहा मिनिटे पुरेत. मोजणीसाठी चार तरुणांस त्याच रात्री शाळांत धाडावे, आणि दिवसांचा अंदाज करण्यासाठी नदीकाठच्या जुन्या रहिवाशांस व पटवाऱ्यास विचारावे.

मोजणी तरी रात्री कशी करावी? घराघरांची यादी करण्यास दोन दिवस लागतात. त्या रात्रीसाठी तीन झटपट उपाय आहेत. एक, शाळेच्या तीन खोल्यांतील माणसे प्रत्यक्ष मोजून सरासरीस खोल्यांच्या संख्येने गुणावे. दोन, रात्रीच्या खिचडीच्या किती पत्रावळी उठल्या ते आचाऱ्यास विचारावे. तीन, अंगणवाडीच्या सेविकेस तिच्या वस्तीतील घरांची संख्या विचारावी. तिन्ही आकडे जवळपास आले तर ठीक. खोल्यांवरून १,५०० आणि पत्रावळींवरून १,८०० निघाले, तर समजावे की दिवसा बाहेर असलेली, पण जेवायला येणारी माणसे आहेत. ती बहुधा नातलगांच्या घरी उतरलेली असतात. ही मंडळी कोणत्याही छावणीच्या यादीत येत नाहीत, आणि ज्याच्या घरी उतरली त्याचा कणगा मात्र दुप्पट वेगाने रिकामा होतो.

दर माणशी प्रमाण हा आकडा क्षुल्लक आहे, असा मात्र कोणी अर्थ काढू नये. संख्या लाखांत गेली म्हणजे तोच आकडा माणसांचे जगणे-मरणे ठरवितो. १८७७ च्या दुष्काळात सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुरांस दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडे पैसे एवढेच प्रमाण लावले. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहून कमीच, आणि त्यात सुमारे १,६०० कॅलरी असतात. मद्रास इलाख्याचे आरोग्य-अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्यास कडाडून विरोध केला. पुढे काही महिन्यांनी ते प्रमाण वाढवावे लागले, पण तोपर्यंत लोकांचे जे व्हावयाचे ते झाले होते. खजिन्याकडे पाहून ठरविलेले माप आणि शरीराकडे पाहून ठरविलेले माप यांतील अंतर तेव्हा उघडे पडले. म्हणूनच आम्ही वर प्रथम कॅलरी मोजल्या आणि मग रुपये मोजले. वर्गणी कमी पडली तर दिवस कमी करावे, पण पिशवी अर्धी करू नये.

दिवसांच्या आकड्याचे उदाहरण आपल्याच समाजातील आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला. तेव्हा श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली. त्या मदतीचा हिशेब सात दिवसांच्या शिध्यात बसत नाही. मूल आणले म्हणजे ते शिकून बाहेर पडेपर्यंतची वर्षे त्या अंदाजपत्रकात आली. जी संस्था हे आधी ओळखते ती तसे धन उभारते. जी ओळखत नाही ती पहिल्या वर्षाची देणगी मोठ्या समारंभाने खर्चून मोकळी होते आणि पुढच्या जूनमध्ये शाळेच्या फीसाठी दारोदार फिरते. आपल्या पुरातही लहान प्रमाणात हेच होते. शिधा सात दिवसांचा असतो, पण भिजलेले यंत्रमाग, वाहून गेलेले हातठेले व फुगलेली दारे यांस महिने लागतात. तो खर्च शिध्याच्या कागदावर चढवू नये, त्याचा कागद वेगळा असावा.

आता वाटपाकडे येऊ. ३०० पिशव्या म्हणजे ६,६०० किलो माल. मोठी आयशर एका खेपेत तो नेईल, पण जुन्या शहराच्या बोळांत ती शिरत नाही. छोटा हत्ती ७०० किलो नेतो असे धरले तर दहा खेपा होतात. भरणे, जाणे, उतरविणे व परतणे यांस दीड ते दोन तास लागतात. तेव्हा दोन गाड्या लावल्या तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस संपतो. हे अंदाजपत्रकातच लिहिले पाहिजे. नाही तर दुपारी चारला तिसऱ्या शाळेपुढे रांग उभी असते आणि माल अजून दाणाबाजारात असतो. नदीपलीकडे जैनाबादच्या बाजूस कुटुंबे असतील तर त्यांचा माल पूल चालू असतानाच तिकडे न्यावा. पाणी पुलावरून गेले की इकडच्या गोदामातील शंभर कट्ट्यांचा तिकडे काही उपयोग नाही.

रांगेचाही हिशेब असतो. यादी तयार असेल तर एका मेजावरून तासाला चाळीस पिशव्या निघतात, कारण नाव शोधणे, अंगठा किंवा सही घेणे व पिशवी हाती देणे यांस दीड मिनिट लागते. तीन मेजांवरून ३०० पिशव्यांस अडीच तास लागतील. यादी नसेल तर हेच काम रात्रीपर्यंत चालते, आणि बलवान तेवढे पुढे येतात. म्हणून आदल्या संध्याकाळी शाळेत फिरून क्रमांक घातलेली चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर कुटुंबातील माणसांची संख्या लिहावी: एक-दोन माणसांस अर्धी पिशवी, तीन ते पाचांस एक, सहा ते आठांस दीड, नऊपासून पुढे दोन. सरसकट एक पिशवी दिली तर नऊ माणसांचे घर चौथ्या दिवशी पुन्हा रांगेत येते, आणि मग आपण त्यास लबाड म्हणतो.

संध्याकाळी गोदामाची वही मिळवावी. आवक, वाटप, शिल्लक हे तीन स्तंभ आम्हांस शिकवावे लागत नाहीत. वाटपाचा आकडा जमा झालेल्या चिठ्ठ्यांशी व अंगठ्यांशी जुळला पाहिजे. चिठ्ठ्यांहून पिशव्या अधिक गेल्या असतील तर गाडीतून परस्पर वाटप झाले असे समजावे. अंगठ्यांहून चिठ्ठ्या अधिक असतील तर मेजावर घाई झाली. आणखी एक खूण बाजारात सापडते. आपण दिलेला तांदूळ चौथ्या दिवशी किराण्याच्या दुकानी विकावयास आला, तर देणारे संतापतात. आम्हांस ते मान्य नाही. तांदूळ विकणाऱ्यास औषधास किंवा रिक्षास रोख पैसे हवे आहेत, किंवा त्याच्या घरी तांदूळ खाल्ला जात नाही, एवढीच त्यातून माहिती मिळते. आणि ती दुसऱ्या आठवड्याच्या पिशवीसाठी मोलाची असते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, ते घेणाऱ्यांच्या मुजोरीमुळे नव्हे. पहिल्या दिवशी ठरविलेली वस्तू दहाव्या दिवशीही तशीच येत राहिली, आणि तिची फेरतपासणी कोणी केली नाही, म्हणून तसे झाले.

फेरतपासणी आपोआप होत नाही. तिची वेळ पहिल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवावी: उद्या संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी. आणि प्रत्येक आकड्यासमोर एक लहान रकाना असावा, ‘कशावरून’. ऐकीव असेल तर ‘ऐ’, अंदाज असेल तर ‘अं’, मोजलेला असेल तर ‘मो’. तिसऱ्या दिवशी ज्यांच्यासमोर अजून ‘ऐ’ आहे, ते आकडे आधी तपासावे. जुना आकडा खोडू नये; शेजारी नवा स्तंभ काढावा, म्हणजे देणगीदाराने विचारले तर का बदलले ते दाखविता येते.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. तिसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांवरून ३४० कुटुंबे व १,८७० माणसे निघाली. २६० रुपयांप्रमाणे ४,८६,२०० झाले. महिला मंडळाच्या भगिनी शाळांत गेल्या, त्यांस कळले की स्त्रियांस लागणारे पॅड कोणीच दिलेले नाहीत. पुरुषांनी केलेल्या यादीत ते येणारच नव्हते. कुटुंबामागे ४० रुपये धरून १३,६०० वाढले. सुधारित आकडा ४,९९,८०० झाला, म्हणजे पहिल्याहून ७०,८०० अधिक. आता ही वाढ मंजूर करण्यास पुन्हा सर्व सभा बोलवावी का? आमची सूचना अशी की, शेकडा दहापर्यंतचा फरक दोन पदाधिकाऱ्यांनी सहीने मान्य करावा, आणि त्याहून अधिक असेल तर कार्यकारिणी बसावी. येथे फरक शेकडा सोळाहून अधिक आहे, तेव्हा कार्यकारिणी बसेल, पण ती तासाभरात उठू शकेल, कारण कागद तयार आहे.

ही फेरआकारणी शक्य व्हावी म्हणून खरेदीही तशीच हवी. पहिल्या दिवशी ३०० पैकी १८० पिशव्यांचाच माल पक्का घ्यावा. उरलेला सभासदांच्या गोदामांतून जांगड घ्यावा. सराफ व कापडवाले यांस जांगड नवे नाही: वापरले तेवढ्याचे बिल, उरलेले परत. कट्टा फोडला नसेल तर तेल, साखर, तांदूळ परत करता येतात. कणीक मात्र दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवू नये. ती ताजी दळून घ्यावी, कारण तोवर वीज येऊन चक्क्या सुरू झालेल्या असतात, आणि तेव्हा दर माणशी खर्चही थोडा उतरतो.

एक सावधगिरी कायद्याची. घर पडणे, गुरे वाहणे, पीक बुडणे यांची सरकारी मदत आपल्या राज्यात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ प्रमाणे पंचनाम्यावर मिळते. आपली शिध्याची यादी त्या पंचनाम्याची जागा घेत नाही, हे चिठ्ठी देतानाच लोकांस सांगावे. नाही तर पटवारी आला तेव्हा माणूस आपल्या रांगेत उभा असतो आणि त्याचे घर ‘बंद आढळले’ असे लिहिले जाते. शक्य असेल तर त्या दिवशीचे वाटप पंचनाम्याची वेळ टाळून ठेवावे.

या लेखातील पिशवीचा तक्ता, दर सोडून, एका कागदावर छापून प्रत्येक सभासदाच्या गोदामात ठेवता येईल. दरांची जागा कोरी सोडावी. ती पेन्सिलीने भरावयाची आहे.